कागद एक, मीटर चार

समजा, साताऱ्यात एका करसल्लागाराचं कार्यालय आहे. पुढच्या खोलीत दोन मदतनीस, आत साहेब, भिंतीला फायलींची कपाटं आणि कोपऱ्यात एक स्कॅनर, ज्याचं झाकण हाताने दाबून धरल्याशिवाय नीट बसत नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात इथून २८ अशिलांना नव्या वर्षाच्या कामाची नेमणूकपत्रं सहीसाठी पाठवायची आहेत. साहेबांनी फेब्रुवारीतच पीडीएफवर सह्या घेण्याची एक ऑनलाइन योजना घेऊन ठेवली आहे. हिशेब सरळ होता. महिन्याला ५ कागद, म्हणजे वर्षाला ६०. आपल्याकडे सहीसाठी बाहेर जाणारे कागद वर्षाला ५२. उलट आठ उरतीलच.

पाच पत्रं गेली. मग पुढच्या खोलीतून आवाज आला, “साहेब, सहाव्याला नाही म्हणतंय.”

साहेबांची बेरीज चुकलेली नव्हती. चुकला होता तो मोजण्याचा काळ. मासिक मर्यादा महिना संपला की पुन्हा शून्यापासून सुरू होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये न वापरलेले कागद सहसा पुढे जमा होत नाहीत. पाटाच्या पाण्याची पाळी चुकली तर ते पाणी पुढच्या पाळीत वाढवून मिळत नाही, तसंच हे. ज्याचं काम बाराही महिने सारखं चालतं, त्याला अशी योजना परवडते. पण करसल्लागार, शाळा, मंगल कार्यालय किंवा साखर कारखान्याचं कार्यालय यांचं काम हंगामी. अशा ठिकाणी वर्षाची सरासरी काढून योजना घेतली की ऐन गर्दीत ती अडते. पाहायचा तो वर्षातला सगळ्यात गजबजलेला महिना.

ही मर्यादा वर्षाची असेल तर चित्र पालटतं. डॉक्युसाइन या अमेरिकी कंपनीच्या योजना इथे चांगलं उदाहरण आहेत. तिच्या सर्वांत लहान, एकट्या माणसासाठीच्या योजनेत महिन्याला ५ आणि त्यावरच्या योजनेत माणशी वर्षाला १०० पाठवण्या, अशी विभागणी राहिली आहे. साताऱ्याच्या कार्यालयाला पहिलीत एप्रिलमध्ये २३ पत्रं अडतात. दुसरीत सगळी एका दुपारी जातात आणि वर्षअखेर ४८ शिल्लकही उरतात. हे आकडे कंपन्या बदलत असतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी पुन्हा पाहावेत. पण ‘महिन्याला’ आणि ‘वर्षाला’ या दोन शब्दांतला फरक आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

मोजतात ते नेमकं काय, हा त्यापुढचा प्रश्न. डॉक्युसाइन लिफाफे मोजते. एका लिफाफ्यात एकाहून जास्त कागद आणि सह्या करणारी एकाहून जास्त माणसं असू शकतात. लिफाफा पाठवला की एक मोजला जातो, मग समोरच्याने सही केली काय नि न केली काय. म्हणून नवरा-बायको दोघंही अशील असतील तर त्यांची दोन पत्रं एकाच लिफाफ्यात घालणं शहाणपणाचं. ईमेलचा पत्ता चुकला तर पाठवलेला लिफाफा दुरुस्त करता येतो. तो रद्द करून नवा पाठवला तर मात्र नवा मोजला जातो. मदतनीस हटकून दुसरी वाट धरतात, कारण ‘रद्द करा’ हे बटण चटकन दिसतं.

पीडीएफ जोडणं, कापणं, लहान करणं अशी कामं करून देणारी संकेतस्थळं बऱ्याचदा कागद मोजतच नाहीत, काम मोजतात. सेज्दा हे त्यातलं एक. फुकट वापरात ठरावीक काळात ठरावीक कामं, आणि फाइल २०० पानांपर्यंत किंवा ५० एमबीपर्यंत, असा त्याचा रिवाज. एका अशिलाचे बँकेचे उतारे तीन तुकड्यांत आले असतील, तर ते जोडणं हे एक काम, लहान करणं दुसरं आणि त्यातली अक्षरं ओळखून घेणं तिसरं. कार्यालयाच्या दृष्टीने कागद एकच. मीटर मात्र तीनदा पडलं.

‘मासिक’ हा शब्द आणखी एका जागी फसवतो. दर महिन्याला हप्ता आणि दर महिन्याला सोडण्याची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षभराचा करार करून पैसे तेवढे महिन्याच्या हप्त्याने घ्यायचे, ही पद्धत अॅडोबीच्या योजनांमुळे चर्चेत आली. मधेच सोडणाऱ्याला लागणारा आकार कंपनीने नीट दाखवला नाही, असा आरोप ठेवून फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये तिच्यावर दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले. पण एप्रिल ते जुलै एवढ्यापुरतीच योजना हवी असणाऱ्या कार्यालयाने हप्त्याच्या रकमेखालची बारीक ओळ वाचायलाच हवी, हे त्या दाव्यावरून कळतं.

आता सही. योजनांच्या तक्त्यात ‘सही’ या शब्दासमोर एक बरोबरची खूण असते. त्या एका खुणेमागे निदान तीन वेगळ्या वस्तू लपलेल्या असू शकतात.

पहिली, सहीचं चित्र. बोटाने किंवा माऊसने गिरवलेली किंवा कागदावरून फोटो काढून चिकटवलेली. अडोबीचा फुकट रीडरही हे करू देतो. तांत्रिक अर्थाने ते पानावरचं एक चित्र आहे. ते दुसऱ्या पानावर नेऊन डकवायला कुणाला काही कष्ट पडत नाहीत.

दुसरी, सेवेमार्फत घेतलेली सही. अशिलाला ईमेलवर दुवा जातो, तो नाव टाइप करतो किंवा गिरवतो, आणि कंपनी कुणी, कधी, कुठल्या आयपी पत्त्यावरून कागद उघडला आणि सही केली याची नोंद जोडून देते. पुढे कागदाला हात लागला तर कळावं म्हणून शेवटी त्यावर प्रमाणपत्राचं सीलही लागतं. मात्र बहुतेक वेळा ते प्रमाणपत्र कंपनीचं असतं. हे ओळखायची सोपी रीत म्हणजे आलेली फाइल रीडरमध्ये उघडून सह्यांची पट्टी पाहायची. तिथे अशिलाचं नाव न दिसता सेवा देणाऱ्या कंपनीचं नाव दिसलं, तर ही दुसरी वस्तू आहे. व्यवहारातले कितीतरी करार याने भागतात. इलेक्ट्रॉनिक रीतीने झाला एवढ्याच कारणाने करार रद्दबातल ठरत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०-अ सांगतं. साताऱ्याच्या २८ नेमणूकपत्रांना हेच पुरेसं आहे.

तिसरी वस्तू म्हणजे सही करणाऱ्याच्या स्वतःच्या प्रमाणपत्राची सही. करसल्लागार, कंपनी सचिव, कंत्राटदार तिला नुसतं ‘डीएससी’ म्हणतात. सरकारने परवाना दिलेल्या संस्थांपैकी एखादीकडून ओळख पटवून ती घ्यायची. तिची गुप्त किल्ली एका छोट्या यूएसबी टोकनमध्ये बंद असते, पासवर्ड घातल्याशिवाय ती चालत नाही आणि टोकनमधून तिची नक्कल काढता येत नाही. आधारच्या ओटीपीवर होणारी ई-साइन याच कुळातली. फरक इतकाच की तिथे प्रमाणपत्र त्या एका सहीपुरतं तयार होतं आणि ३० मिनिटांत त्याची मुदत संपते. परदेशी योजनेत आधार ई-साइन असेलच असं नाही, आणि भारतीय सेवांमध्ये तिचा आकार बऱ्याचदा सहीगणिक वेगळा पडतो. हे तिसरं मीटर.

काही कागदांना यातलं काहीच चालत नाही. मृत्युपत्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेलं आहे. ते कागदावरच करायचं. महाराष्ट्रात घर भाड्याने देण्याचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं सक्तीचं आहे. त्याची ऑनलाइन सोय आहे, पण ती नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर. घरमालकाने त्यासाठी सह्यांची परदेशी योजना विकत घेतली तर ते पैसे पाण्यात.

गंमत अशी की तिसऱ्या, सगळ्यात भारी सहीसाठी महागडी योजना लागतच नाही. टोकनचं सॉफ्टवेअर संगणकात बसवलेलं असेल तर अॅडोबीचा फुकट रीडर त्या प्रमाणपत्राने पीडीएफवर सही करू देतो. टोकन हातात असूनही केवळ सही करता यावी म्हणून संपादनाची पूर्ण योजना घेणारी कार्यालयं कमी नाहीत.

सही झाल्यावर येणारं प्रश्नचिन्ह बहुतेकांनी ई-आधारवर पाहिलेलं असतं: सहीच्या जागी `Validity Unknown`. याचा अर्थ कागद खोटा आहे असा नाही. रीडरकडे विश्वासातल्या संस्थांची एक यादी असते आणि त्या सहीमागची साखळी त्या यादीपर्यंत पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सहीवर उजवी क्लिक करून `Validate Signature`, मग सहीच्या गुणधर्मांतून प्रमाणपत्र उघडून त्याला विश्वासातल्या यादीत घालता येतं. एकदा केलं की त्या संगणकावर हिरवी खूण दिसू लागते. पण घालण्याआधी प्रमाणपत्र खरंच कुणाचं आहे ते वाचावं, नाहीतर कुणाही सोम्यागोम्याच्या सहीला आपण होऊन हिरवा कंदील दाखवल्यासारखं होईल.

खरी पंचाईत होते ती सहीनंतर. पीडीएफमध्ये सही करताना फाइलमधल्या बाइटांवरून एक ठसा काढला जातो आणि तो किल्लीने बंद केला जातो. पुढे फाइल लहान केली, दुसरीला जोडली, तिच्यावर ओसीआर चालवलं, तर ती नव्याने लिहिली जाते आणि ठसा जुळत नाही. कित्येक साधनं तर सही गुपचूप काढूनच टाकतात. कार्यालयात हे असं घडतं: साहेबांनी सही केली, पोर्टलने फाइल मोठी आहे म्हणून परत केली, मदतनिसाने एका संकेतस्थळावर ती निम्मी करून पुन्हा चढवली. पानावर हिरव्या खुणेचं चित्र जसंच्या तसं आहे, म्हणून सगळं ठीक वाटतं. रीडरमध्ये वरची सह्यांची पट्टी मात्र गायब. खूण पानाच्या आत दिसते की पट्टीत, यावरून चित्र आणि सही वेगळी कळतात. म्हणून क्रम ठरलेला: आधी स्कॅन, मग अक्षरओळख, मग जोडणी, मग आकार कमी करणं, आणि अगदी शेवटी सही.

अक्षरओळखीकडे, म्हणजे ओसीआरकडे, वळलं की मराठी माणसाच्या अडचणी वेगळ्याच निघतात. स्कॅन केलेलं पान म्हणजे एक फोटो. ओसीआर त्यातली अक्षरं वाचून फोटोच्या मागे मजकुराचा एक अदृश्य थर घालतं, मग त्यात शोधता येतं, मजकूर उचलता येतो. योजनेच्या तक्त्यात ‘ओसीआर’पुढे खूण असते, कुठल्या भाषा, हे दुसऱ्याच पानावर असतं. तिथे मराठी किंवा निदान हिंदी नसेल तर यंत्र देवनागरी पानावर इंग्रजी अक्षरं शोधत बसतं आणि त्या अदृश्य थरात इंग्रजी अक्षरांचा भुसा भरतो. वरून पान सुंदर दिसतं. ‘साखर’ शोधलं की मात्र काही सापडत नाही.

याची परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. पीडीएफमधल्या दोन ओळी माऊसने निवडायच्या आणि नोटपॅडमध्ये डकवायच्या. काही निवडलंच जात नसेल तर तो नुसता फोटो आहे. नीट मराठी उतरलं तर थर चांगला आहे. आणि इंग्रजी अक्षरं, कंस नि विचित्र खुणा उतरल्या, तर दोनपैकी एक: एकतर चुकीच्या भाषेत ओसीआर झालंय, किंवा कागद युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टात टाइप केलेला आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांच्या जुन्या पद्धतीत संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरंच साठवली जात. फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देई. सोसायट्यांची उपविधी, पतसंस्थांचे अहवाल, कार्यालयांची परिपत्रकं यांत असे कागद अजून ढिगाने आहेत.

या दुसऱ्या प्रकारात महाग योजनाही हटून बसते. पानावर मजकूर आहेच असं सॉफ्टवेअरला वाटतं, आणि अॅक्रोबॅट `This page contains renderable text` असा शेरा मारून ओसीआर नाकारतं. उपाय म्हणजे पानाचं आधी पुन्हा चित्र करायचं आणि मग वाचायचं. फुकटात हे करणारं साधन आहे. टेसरॅक्ट हे ओसीआर इंजिन एचपी कंपनीत १९८५ च्या सुमारास सुरू झालं, २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं आणि पुढे गूगलच्या आधाराने वाढलं. त्यात मराठीचा संच आहे. ओसीआरमायपीडीएफ हा त्यावर बेतलेला छोटा प्रोग्रॅम. लिनक्सच्या उबुंटूवर तो बसवून चालवायला दोन ओळी पुरतात:

```
sudo apt install ocrmypdf tesseract-ocr-mar
ocrmypdf -l mar+eng --deskew --force-ocr june.pdf nave.pdf
```

यातलं `mar+eng` म्हणजे दोन्ही भाषा वाच. `--deskew` तिरकं पान सरळ करतं. `--force-ocr` जुन्या थराची पर्वा न करता पानाचं चित्र करून नव्याने वाचायला लावतं. फाइलवर डीएससी असेल तर हा प्रोग्रॅम आधी हात आखडता घेतो, कारण सही मोडणार हे त्याला ठाऊक असतं. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करणं ज्यांना नको, त्यांनी फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडावी. मराठी मजकूर बऱ्यापैकी उतरतो. पण तिथे मिळतो तो वेगळा दस्तऐवज. मूळ पीडीएफ होती तशीच राहते. शिवाय फाइल २ एमबीच्या आत ठेवा, असं गूगलचं सांगणं आहे.

कुठलंही साधन घेतलं तरी स्कॅन ३०० डीपीआयचा हवा. १५० वर अनुस्वार, रफार आणि ‘ध’-‘घ’ यांत गोंधळ होतो. हस्ताक्षरातली जुनी वहीखाती यातलं बहुतेक काही वाचत नाही, आणि आकडे नेहमी डोळ्यांनी ताडून घ्यायचे. ‘५’ चा ‘४’ झाला तर शुद्धलेखन तपासनीस कसा ओरडणार?

संपादनाचा विषय इथेच उरकता येतो, कारण पीडीएफमध्ये परिच्छेद नसतात. कुठलं अक्षर पानावर कुठे, एवढंच तिला ठाऊक असतं. ज्या साधनाला देवनागरी जुळवणी येत नाही, त्यात मराठी ओळ दुरुस्त करायला गेलं की वेलांट्या उड्या मारतात आणि जोडाक्षरं सुटी होतात. मूळ वर्ड फाइल मागवणं हा त्यापेक्षा स्वस्त मार्ग.

राहिलं चौथं मीटर: वेब की डेस्कटॉप. साहेबांचं टोकन ज्या संगणकात खोचलेलं आहे, तिथेच या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. ब्राउझरला यूएसबी टोकनशी थेट बोलता येत नाही. म्हणूनच आयकर किंवा कंपनी खात्याच्या संकेतस्थळांवर डीएससी वापरायला संगणकात एक मदतनीस प्रोग्रॅम आधी बसवावा लागतो. पीडीएफच्या वेब योजनेकडे असा दुवा नसेल, तर टोकनची सही तिथे होणार नाही, मग योजनेच्या नावात ‘प्रो’ असो की ‘बिझनेस’.

दुसरं निम्मं गोपनीयतेत. वेबवर काम करणं म्हणजे फाइल दुसऱ्याच्या सर्व्हरवर पाठवणं. स्मॉलपीडीएफ तासाभरात आणि आयलवपीडीएफ दोन तासांत फाइल पुसतो असं सांगतात. लग्नपत्रिका लहान करायला ते पुरेसं. अशिलाचे बँक उतारे, पॅन आणि आधार असलेली फाइल असेल तर ती आपल्याच संगणकात राहिलेली बरी, आणि मग डेस्कटॉप परवाना लागतो.

हा परवानाही माणसाचा की यंत्राचा, हे पाहावं. अॅडोबीची वर्गणी माणसाच्या नावे असते. तो दोन संगणकांवर ती सुरू ठेवू शकतो, पण एका वेळी वापरायचा एकच. दोन मदतनिसांनी साहेबांच्या नावाने आळीपाळीने शिरणं ही सोय नाही, कराराचा भंग आहे. शिवाय एक शिरला की दुसरा बाहेर पडतो, ते वेगळंच. एकदाच पैसे भरून कायमचं घ्यायचं, हा जुना मार्ग अरुंद होत चालला आहे. अॅक्रोबॅट २०२० असा मिळत असे. त्याचा आधार ३० नोव्हेंबर २०२५ ला संपला. तो चालत राहतो, पण सुरक्षेची दुरुस्ती येत नाही, आणि बाहेरून आलेल्या फाइली दिवसभर उघडणाऱ्या कार्यालयात ते जोखमीचं. त्यानंतरची २०२४ ची डेस्कटॉप आवृत्ती एकरकमी असली तरी ३ वर्षांच्या मुदतीची आहे.

साताऱ्याच्या कार्यालयाची मांडणी मग अशी बसते. साहेबांच्या संगणकावर फुकट रीडर आणि टोकन. मदतनिसांपैकी जी रोज फाइली जोडते, तिच्या एकटीच्या संगणकावर डेस्कटॉप परवाना. मराठी कागदांसाठी कोपऱ्यातल्या जुन्या यंत्रावर उबुंटू आणि टेसरॅक्ट. सह्या मागवण्यासाठी वर्षाच्या मापाची योजना, जी पुढच्या मार्चमध्ये घ्यायची.

या एप्रिलचं काय? उरलेली २३ पत्रं छापून गेली. त्यातली १४ सही होऊन व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून परत आली, दोन उलटी, एक चहाच्या डागासकट. बाकीची अशिलांनी हातोहात आणून दिली, आणि ती स्कॅन करताना झाकण कुणीतरी दाबून धरावं लागलं.